रात्रीतून खांदा असह्य दुखायला लागला, एक्स-रेत कॅल्शियम साठलंय म्हणतात. हे काय असतं, आणि ऑपरेशन करावंच लागतं का?

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. आता माझं ऐका, कारण हा प्रश्न वाचून मला आमचं अमळनेरचं घर आणि मोठ्या जाऊबाई दोन्ही आठवले.

मार्च महिना, दुसऱ्या दिवशी उडदाचे पापड, दहा किलोचं पीठ भिजवायचं ठरलेलं. रात्री दोनला जाग आली तीच उजव्या खांद्यात कुणी तापलेली सळई खुपसल्यासारखी. ना पडले ना काही उचललं. हात पोटाशी धरून खुर्चीत बसून रात्र काढली, आडवं पडवेना. सकाळी वेणी सोडा, ब्लाउजचा हुक लावता येईना. आणि जाऊबाई दारातूनच, "पापडना दिनलेच बरा दुखस तुना खांदा!" त्यावर आणखी त्यांच्या ओळखीचा एक खांदा बसवणारा आणला, त्यानं हात धरून जो ओढला ना, माझी किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. मग एका दवाखान्यात एक्स-रे न काढताच फ्रोझन शोल्डर म्हणून व्यायामाचा कागद हातात दिला. अहो, फ्रोझन शोल्डर हळूहळू आखडत जातो, एका रात्रीत असा पेटत नाही!

तिसऱ्या दिवशी जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. नशिबाने दीड वर्षापूर्वी स्कूटीवरून पडले होते तेव्हाची फिल्म कपाटात होती, ती सोबत नेली. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावल्या. जुन्या फिल्ममध्ये हाडाच्या वर एक पांढरा ठिपका होता, कडा एकदम रेखीव, खडूचा तुकडा ठेवल्यासारखा, तेव्हा फ्रॅक्चर नाही म्हटल्यावर त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. नव्या फिल्ममध्ये तोच ठिपका फिकट, कडा पुसट, ढगासारखा. डॉक्टर म्हणाले, "हा आता विरघळतोय, म्हणून दुखतंय."

म्हणजे खरी गंमत उलटीच आहे. हात वर उचलणारी जी नस (आपण नस म्हणतो, खरं तर स्नायू हाडाला बांधणारी दोरी, टेंडन) तिच्यात कॅल्शियमचा साठा वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतो, कधी थोडं ठणकतं, कधी काहीच नाही. मग एक दिवस शरीरच तो खायला घेतं. साठा टूथपेस्टसारखा मऊ होतो, आतला दाब वाढतो, थोडा वरच्या पातळ पिशवीत फुटतो आणि तिथं आग लागते. म्हणजे सगळ्यात जास्त दुखतं ते साठा जायला निघाल्यावर. ही असह्य कळ सहसा एक-दोन आठवड्यांत ओसरते, बारीक दुखणं मात्र महिनाभर, कधी जास्तही रेंगाळतं.

माझ्या खांद्यात सोनोग्राफीवर बघत सुई घातली, भूल देऊन. सलाईनचं पाणी आत ढकलायचं आणि परत ओढायचं, असं पुन्हा पुन्हा. सिरिंजमध्ये पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि थोडा वेळ उभी ठेवली तर तळाशी फळा पुसल्यावर उरते तशी भुकटी बसली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे हसू आलं, जाऊबाई नंतर म्हणाल्याच, आयुष्यभर खडू खाल्लास तो साठला. तर जाऊबाई, खडू वेगळा, हे वेगळं. हे कॅल्शियम फॉस्फेट, आपल्या हाडा-दातांत असतं त्याच जातीचं, आणि ते तिथंच नसेत तयार होतं. दूध पिऊन किंवा कॅल्शियमची गोळी खाऊन ते तिथं जात नाही, तुम्ही माझं दूध बंद केलं होतं ते उगाच.

नंतर पिशवीत स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं, चौथ्या दिवशी मी स्वतः वेणी घातली. चार महिन्यांनी एक्स-रे काढला तर ठिपका गायब.

तुम्हाला सुई लागेलच असं नाही. साठा मऊ असतो तेव्हाच ती नीट चालते, घट्ट असेल तर हाताला काही लागत नाही, आणि कित्येकांचं दुखण्याची गोळी, बर्फ आणि चार दिवस झोळीत हात यावर भागतं. पण हात महिनाभर बांधून ठेवू नका, मग खरंच आखडेल. ऑपरेशन सहा-सहा महिने सगळं करून उपयोग झाला नाही त्यांच्यासाठी.

हां, शुगर असेल तर स्टेरॉईडने काही दिवस वाढते, आधी सांगा. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. ताप येऊन खांदा लाल-गरम झाला तर ते पूही असू शकतं, तेव्हा थांबू नका. आणि दुखण्यासोबत घाम, छातीत दडपण असेल तर एक्स-रे वगैरे नंतर, आधी ईसीजी.

त्या वर्षीचे पापड जाऊबाईंनी एकटीने लाटले. जाड झाले होते.