आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह आला, म्हणजे आमवातच का?

पावसाळ्यातल्या चिकुनगुनियाची पत्रं माझ्याकडे जानेवारीत येतात. तापाबद्दल त्यांत कोणी विचारत नाही. विचारतात ते राहून गेलेल्या सुजेबद्दल आणि हातात पडलेल्या रिपोर्टबद्दल.

सप्टेंबरमध्ये चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण चार महिने झाले तरी सकाळी खडू धरवत नाही. दोन्ही मनगटं, बोटं आणि घोटे सुजतात. आर.ए. फॅक्टर ३८ आला (नॉर्मल २०च्या आत), ईएसआर ४२. लॅबमध्ये म्हणाले, आमवात आहे. आता जन्मभर गोळ्या का? (शिक्षिका, वय ४२, सांगली)

लॅबने आकडा द्यावा, निदान करू नये. तुमच्या ३८ या आकड्यावरून मी तरी आमवात ठरवणार नाही. आर.ए. फॅक्टर हे आपल्याच अँटिबॉडींवर उठणारं एक प्रथिन आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा कुठल्याही कारणाने बराच काळ चेतलेली राहिली, की ते रक्तात दिसू लागतं. चिकुनगुनियानंतर ते काही जणांत काही महिने वाढलेलं सापडतं. हिपॅटायटिस सीमध्ये सापडतं, आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही सापडतं.

गोंधळ तिथेच संपत नाही. आमवात ओळखण्यासाठी २०१० सालापासून जगभर एक गुणांची पद्धत वापरली जाते. १०पैकी ६ गुण झाले की आमवात धरायचा. तुमचे गुण मोजून पाहू. पत्रासोबत तुम्ही हाताचं चित्र काढून खुणा केल्या आहेत, ते फार बरं केलंत. दोन मनगटं, बोटांच्या मुळाचे सहा सांधे, मधल्या पेरांचे चार आणि दोन घोटे, असे चौदा सांधे झाले. दहापेक्षा जास्त सांधे आणि त्यांत लहान सांधे, याचे ५ गुण. सहा आठवड्यांहून जास्त काळ झाला, त्याचा १. अंगातली सूज दाखवणारा ईएसआर वाढलाय, त्याचा १. आर.ए. फॅक्टर थोडा वाढलाय, त्याचे २. बेरीज ९. फॅक्टर निगेटिव्ह आला असता तरी ७ झालेच असते! २०१४मध्ये हैतीहून चिकुनगुनिया घेऊन परतलेल्या दहा अमेरिकन प्रवाशांचा अभ्यास झाला होता. त्यांतल्या आठ जणांची सांधेसूज टिकून राहिली, आणि ते आठही जण याच गुणपत्रिकेत आमवाताचे रुग्ण म्हणून पास झाले. म्हणून त्या पद्धतीची पहिली अट विसरायची नाही: सुजेचं दुसरं कारण सापडत नसेल तरच गुण मोजायचे. तुमचं कारण सप्टेंबरमध्येच सापडलंय.

मग फरक कसा करायचा? मी आधी तारीख विचारतो. चिकुनगुनियाचा माणूस सांगतो, 'गौरी जेवल्या त्या रात्री थंडी वाजून आली, आणि सकाळी पलंगावरून उतरता येईना.' सगळे सांधे दोन-चार दिवसांत एकदम धरलेले असतात. आमवाताच्या बहुतेक रुग्णांना तारीख सांगता येत नाही. आधी एक बोट आखडलं, मग दुसरं, मग चप्पल घालताना तळव्याचा पुढचा भाग दुखू लागला, असं ते हळूहळू पसरत जातं. त्यानंतर मी कल पाहतो. ऑक्टोबरमध्ये खडू धरताच येत नव्हता आणि आता दहा वाजल्यानंतर धरता येतो, तर गाडी उताराला लागली आहे. दर महिन्याला नवा सांधा सामील होत असेल, तर मला शंका येते.

तपासण्यांपैकी तुमची अँटी-सीसीपी राहिली आहे, ती करा. चिकुनगुनियात ती सहसा निगेटिव्ह असते, आणि चांगली ठळक पॉझिटिव्ह आली तर मी आमवात धरूनच उपचार करतो. ही अँटिबॉडी आमवाताची लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात असू शकते. म्हणजे चिकुनगुनियाने आधीच वाटेवर असलेला आजार उघडा पाडला, असंही घडतं. दोन्ही हातांचा आणि दोन्ही पावलांचा एक्स-रेही काढून ठेवा. पावलांचा कोणी काढत नाही, आणि आमवातात हाडाची कड कुरतडायला सुरुवात पुष्कळदा करंगळीजवळच्या पावलाच्या सांध्यातच होते. आज एक्स-रे स्वच्छ आला म्हणून काही सिद्ध होत नाही. पण वर्षभराने पुन्हा काढाल, तेव्हा शेजारी ठेवायला हाच लागेल.

घरच्या घरी एक पाहता येतं. सकाळी मूठ वळा आणि बोटांच्या मुळाशी जे उंचवटे येतात, त्यांच्यामधल्या खळग्यांकडे बघा. खळगे भरून सपाट झाले असतील तर ती सूज आहे, नुसती दुखणी नव्हे. तीन महिन्यांनंतरही खळगे भरलेले राहत असतील, तर नाव काहीही असो, सूज उतरवायला औषध लागतं. नावाचा प्रश्न येतो तो औषध किती काळ घ्यायचं या टप्प्यावर. चिकुनगुनियाच्या बऱ्याच रुग्णांत सूज काही महिने शांत राहिली की औषध कमी करत बंद करता येतं. आमवातात ते क्वचितच जमतं. त्यामुळे 'जन्मभर' हा शब्द आज कोणी उच्चारायचं कारण नाही.

पाच महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली, चिकुनगुनिया आयजीएम अजून पॉझिटिव्ह आहे. विषाणू अंगात राहिलाय का? की डास परत चावला? (दुकानदार, वय ५१, बार्शी)

दोन्हींपैकी काहीच नाही. आयजीएम हा विषाणू नव्हे, त्याच्याशी झालेल्या लढाईची खूण आहे. ती साधारण तीन-चार महिने दिसते, काहींत त्याहून बरीच लांबते. विषाणू स्वतः रक्तात जेमतेम पहिला आठवडा असतो. कोलंबियात आजारानंतर दीड-दोन वर्षांनीही सांधे सुजलेल्या रुग्णांच्या सांध्यातलं पाणी तपासलं, तेव्हा त्यात विषाणू सापडला नव्हता. विषाणूचे काही तुकडे सांध्याच्या अस्तरात मागे राहतात आणि प्रतिकारपेशी त्यांच्यावर चेतत राहतात, असं एक स्पष्टीकरण आहे, आणि मला ते पटतं. चोर गेल्यावरही गुरखा शिट्ट्या मारत फिरावा, तसं ते असतं.

एकदा झालेला चिकुनगुनिया सहसा पुन्हा होत नाही. थंडी पडली किंवा माल उतरवण्याचं काम जास्त झालं की मनगट परत सुजतं, ती जुन्याच आजाराची उसळी असते. ही तपासणी आता पुन्हा करू नका, तिच्यावर उपचार ठरत नाहीत. तुमच्या गावाचा मात्र या आजाराशी जुना संबंध आहे. १९७३ साली बार्शीत साथ आली होती. त्यानंतर जवळपास तीन दशकं देशात हा आजार दिसेनासा झाला आणि २००५-०६मध्ये लाखोंच्या संख्येने परतला. मधल्या काळात शिकलेल्या आमच्या पिढीतल्या अनेक डॉक्टरांनी तोवर चिकुनगुनियाचा एकही रुग्ण पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी पाच दिवस स्टिरॉइडची गोळी दिली, जादू झाल्यासारखं वाटलं. बंद केली की आठवड्यात पुन्हा तेच. मेडिकलमधून आणून चालू ठेवली आहे, दीड महिना झाला. चालेल ना? (रिक्षाचालक, वय ४६, पिंपरी)

नाही. पण आज वाचून आजच बंदही करू नका. इतके दिवस बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं कमी करतं. ते एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, अंगातलं बळ जाणं, असे प्रकार होतात. गोळीचं पान घेऊन डॉक्टरांकडे जा, उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब तपासा, आणि डोस उतरवायचं वेळापत्रक लिहून घ्या.

या आजारात स्टिरॉइड वर्ज्य नाही. तापाच्या दिवसांत ते देऊ नये. पुढे सूज फार असेल तर कमी डोसने, काही आठवडे, पायरीपायरीने उतरवत देतात. तुमचं बिनसलं ते असं की पाच दिवसांनी ते एकदम तोडलं गेलं आणि सूज दाबून धरणारं दुसरं काही मागे नव्हतं. कोणी सांध्यांसाठी बिननावाच्या पुड्या देत असेल, तर त्याही घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइडच मिसळलेलं सापडलं आहे.

मला मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय. नेटवर वाचलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं. मलेरियाच्या गोळीवर भागणार नाही का? (गृहिणी, वय ३८, कोल्हापूर)

कॅन्सरमध्ये ते कितीतरी मोठ्या डोसने देतात. सांध्यांसाठीचा आठवड्याचा डोस त्यापुढे किरकोळ असतो.

मलेरियाची गोळी, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सौम्य सुजेला मीही देतो. सूज जास्त असेल तर ती एकटी कमी पडते. केरळमध्ये चिकुनगुनियाच्या टिकून राहिलेल्या सांधेसुजेवर २४ आठवड्यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन एकत्र घेणाऱ्यांची सूज एकटी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरली. तिन्ही औषधं सगळ्यांना लागतात असं नाही, पण मेथोट्रेक्सेट लिहून देणारे तुमचे डॉक्टर चुकीच्या वाटेवर नाहीत.

भीती बाळगायचीच तर एका गोष्टीची बाळगा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडभर फोड येतात आणि रक्तातल्या पेशी कोसळतात. माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत घरातल्यांनी ती रोजच्या डबीत भरली होती, आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर 'फक्त रविवारी' असं लिहून खाली रेघ मारतो. सोबत फॉलिक अॅसिड, आणि ठरल्या वेळी यकृताची व रक्तपेशींची तपासणी. मूल हवं असेल तर आधी सांगा. गरोदरपणात हे औषध चालत नाही, आणि दिवस राहण्याच्या तीन महिने आधी ते थांबवावं लागतं.

आई ६८ वर्षांची आहे. चिकुनगुनियानंतर सहा महिने फक्त गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. सकाळी पाच मिनिटांत मोकळी होते. बोटं ठीक आहेत. ईएसआर नॉर्मल. (नाशिक)

हा बहुधा आधीच झिजलेला गुडघा आहे. तापात महिनाभर अंथरुणाला खिळल्याने मांडीचे स्नायू बारीक झाले, आणि गुडघ्याचा आधार गेला. सुजेच्या आजारात सकाळचं आखडणं अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त टिकतं, पाच मिनिटांत मोकळं होत नाही. मेथोट्रेक्सेट वगैरे काही नको. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे मोजेपर्यंत धरणं, हे दिवसातून तीन वेळा. शिवाय फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा.

बालवाडीत शिकवते. आमच्या मुलांना गाल लाल होऊन पुरळ आलं होतं. दोन आठवड्यांनी माझी बोटं, मनगटं सुजली. ताप नव्हताच, चिकुनगुनियाची टेस्ट निगेटिव्ह. (ठाणे)

पार्व्होव्हायरस बी-१९ची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. मुलांत गाल लाल होण्यापलीकडे तो फारसं काही करत नाही. मोठ्या बायकांत मात्र हुबेहूब आमवातासारखे हात सुजवतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपणहून जातो. त्याची आयजीएम तपासणी मिळते. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी पाहून घ्या, कारण तेही असेच हात सुजवतात. आणि गरोदर असाल किंवा बालवाडीतली एखादी सहकारी गरोदर असेल, तर सांध्यांचं नंतर बघू. आधी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे आजच कळवा, कारण गर्भाला या विषाणूने रक्तक्षय होऊ शकतो.