नकाराच्या मेलला उत्तर देताना

"डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी तीन राऊंड झाले, काल नकाराचा मेल आला. मागे एका ठिकाणी 'मी कुठे कमी पडलो?' असं विचारलं होतं, तर उत्तरच आलं नाही. या वेळी कसं विचारू?"

मी बरीच वर्षं मुलाखती घेतोय आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नाला मीही उत्तर देत नसे. लेखी कारण दिलं की समोरून "पण मी तर ते सांगितलं होतं" असा मेल येतो, मग एचआर मलाच विचारतं की तू हे लिहिलंसच कशाला. त्यामुळे सगळे 'इतर उमेदवार अधिक योग्य वाटले' एवढ्यावर थांबतात.

गेल्या वर्षी एका मुलीच्या मेलला मात्र मी उत्तर दिलं. तो साधारण असा होता:

"नमस्कार सर, निर्णय कळला आणि तो मला मान्य आहे. तुम्ही वेळ दिलात, त्याबद्दल आभार. एसक्यूएलच्या प्रश्नात मी विंडो फंक्शनऐवजी सबक्वेरी लिहिली, तिथे गडबडले असं मला वाटतं. पुढच्या मुलाखतीआधी एकाच गोष्टीवर मेहनत घ्यायची तर कोणती घेऊ? फोनवर सांगणं सोपं असेल तर सहानंतर मी मोकळी आहे. नाही जमलं तरी हरकत नाही."

मी फोन केला. सबक्वेरी ठीकच होती. घोळ वेगळाच होता: 'विक्री का घसरली ते शोधा' म्हटल्यावर तिने थेट क्वेरी लिहायला घेतली. कोणते महिने, कोणता विभाग, परत आलेला माल धरायचा का, काहीच विचारलं नाही. हे मी मेलमध्ये कधीच लिहिलं नसतं. तिचा अंदाज चुकला होता, पण तिने तो आधी मांडला म्हणून "ते नाही, हे" असं म्हणणं मला सोपं गेलं. शिवाय प्रश्न पुढच्या मुलाखतीबद्दल होता, त्यामुळे आमच्या निर्णयाची सफाई द्यावी लागली नाही.

तुम्हीही मेल दोन दिवसांत पाठवा. आठवड्याला सात-आठ मुलाखती घेतल्या की पुढे कोण काय बोललं ते डोक्यात राहत नाही. टेक्निकल राऊंड घेणाऱ्याचा पत्ता असेल तर त्यांनाच लिहा. नसेल तर रिक्रूटरला लिहून पुढे पाठवायची विनंती करा. नकाराचा मेल no-reply वरून आला असेल तर त्यालाच रिप्लाय करू नका, तो कुणी वाचत नाही. (नुसत्या रेझ्युमेवरून नकार आला असेल तर विचारण्यात फारसा अर्थ नसतो, तिथे सांगण्यासारखं कुणाकडे काही नसतं.)

उत्तर आलं आणि ते पटलं नाही, तरी खुलासा करू नका. त्या मुलीने "लक्षात आलं सर, आधी प्रश्न विचारायची सवय लावते" एवढंच लिहिलं. चार महिन्यांनी आमच्याकडे दुसरी जागा निघाली, तेव्हा तिला मीच कळवलं.