११२ मेसेज आणि तीन कप्पे

"ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. तिने ग्रुपवर कळवल्यापासून मी चार वेळा मेसेज लिहिला आणि चारही वेळा खोडला. 'खंबीर राहा' कोरडं वाटतं, काही विचारावं तर खपली काढल्यासारखं. आता वीस दिवस झाले, मी अजून गप्पच आहे. अशा वेळी नक्की काय लिहिलं की माणसाला बरं वाटतं?"

काही वर्षांपूर्वी कोथरूडहून एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी यायच्या. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचा नवरा पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने गेला. ताई सहाव्या आठवड्यात आल्या. झोप, जेवण सगळंच विस्कटलं होतं, पण पहिल्या दिवशी त्या बोलल्या ते फोनबद्दल. त्यात ११२ मेसेज पडून होते, एकालाही उत्तर दिलं नव्हतं. "लोकांनी एवढं मनापासून लिहिलंय आणि वाचताना मला राग येतो. मी कृतघ्न आहे का हो?"

मी म्हटलं, उत्तरांचं नंतर बघू, आधी नुसते वाचू. दोन बैठका त्यातच गेल्या. त्या एकेक मेसेज मोठ्याने वाचायच्या. "आवडला का?" हे मी मुद्दाम विचारलं नाही, कारण तसं विचारलं की माणूस लगेच लिहिणाऱ्याची बाजू घेतो, "त्यांचा हेतू चांगलाच होता हो." त्याऐवजी विचारायचे, वाचून झाल्यावर घशाचं, खांद्यांचं, श्वासाचं काय झालं? कागदावर तीन कप्पे आखले होते: परत वाचेन, काहीच नाही आणि टोचलं.

सगळ्यात मोठा कप्पा झाला 'काहीच नाही'चा. भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, जोडलेले हात. मला वाटलं होतं या छापील शब्दांचा त्यांना वैताग येईल. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की बरं वाटतं ना, तसं. कोणती चप्पल कोणाची ते आपण बघत नाही." मग थोडं थांबून, "पण कोणाची नाहीये ते मात्र दिसतं." एका सख्ख्या चुलतभावाने काहीच लिहिलं नव्हतं. मी न विचारताच त्यांनी त्याचं नाव कागदाच्या कडेला लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.

'टोचलं'मध्ये गेलेल्या बऱ्याच मेसेजांत एक शब्द सारखा येत होता: निदान. निदान हाल झाले नाहीत. निदान मुलं कळती आहेत. निदान स्वतःचं घर आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण 'निदान' म्हटलं की दुःखातून काहीतरी वजा करून उरलेलं हातात दिल्यासारखं होतं, आणि वाचणाऱ्याला आपलं दुःख मूळ मापाचंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. "मुलांसाठी खंबीर राहा" यावर त्या जरा थांबल्या. मुलगा रात्री त्यांच्या खोलीशी येऊन उभा राहायचा आणि त्या डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायच्या, रडलेलं दिसू नये म्हणून. हा सल्ला त्या तंतोतंत पाळत होत्या, आणि दोघंही एकेकटे पडत होते. "आधीच एक ईसीजी काढायला हवा होता" असंही एकाने लिहिलं होतं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

एक मेसेज बऱ्यापैकी लांब होता, भाषा सुरेख. लिहिणाऱ्याने स्वतःचे वडील गेले तेव्हाचं सगळं सांगितलं होतं. तोही टोचला. "वाचून झाल्यावर मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं," ताई म्हणाल्या.

'परत वाचेन'मध्ये आले फक्त नऊ. त्यातला एक टेकडीवरच्या सोबत्याचा: "आज आमच्या नेहमीच्या वळणावर पाच मिनिटं थांबलो. तो रोज म्हणायचा, पाणी कमी आणलंस. आज दोन बाटल्या नेल्या होत्या." सांत्वनाचा एक शब्दही त्यात नाही. पण हे पाण्याचं ताईंना माहीतच नव्हतं. नवऱ्याबद्दल काही नवीन कळणं आता संपलं असं त्यांनी धरलं होतं, आणि सहाव्या आठवड्यात एक नवीन गोष्ट हाती आली. हा त्यांनी माझ्यासमोर तीनदा वाचला.

दुसरा शेजारणीचा. "काही लागलं तर सांग" असं अकरा जणांनी लिहिलं होतं. ते वाईट नाही, पण काय लागतं ते शोधायचं, मग कोणाला सांगायचं ते ठरवायचं, मग संकोच गिळायचा, ही सगळी कामं ज्याच्यात उठायचंही बळ नाही त्याच्याकडेच जातात. शेजारणीने लिहिलं होतं: "मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती लागतील, बँक, विमा, पीएफ सगळीकडे मागतात. सोमवारी मी जाऊन आणते. नको असेल तर फक्त 'नको' लिही." ताईंना उत्तर द्यायला एक शब्द पुरणार होता, आणि तोही दिला नाही तरी काम होणार होतं.

इथे माझी एक चूक सांगते. ऐंशीच्या एका मावशींनी लिहिलं होतं, "देवाची इच्छा बाळा. आपल्या हातात काय." मी पेन 'टोचलं'कडे नेलंसुद्धा. ताईंनी हात धरला. मावशी एकतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात दोन मुलं. त्यांच्या 'देवाच्या इच्छे'मागे काय आहे ते ताईंना ठाऊक होतं. तेच वाक्य दुसऱ्या तिघांनी लिहिलं होतं, ते तिन्ही टोचले. तेव्हापासून 'हे वाक्य चांगलं, हे वाईट' अशी यादी मी कोणालाही देत नाही.

माणसं चुकीचं लिहितात ती कळत नाही म्हणून, असंही नाही. १९८६ साली लेहमन, एलार्ड आणि वॉर्टमन या संशोधकांनी अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्यांना विचारलं, कशाने आधार वाटला? आपल्यासारख्याच कोणाशी बोलता आलं आणि मन मोकळं करू दिलं, हे वर आलं. सल्ले आणि 'आता सावर' हे नकोशा गोष्टींत आलं. मग त्यांनी दुःख न पडलेल्यांना विचारलं, अशा वेळी तुम्ही काय म्हणाल? तर तेही बहुतेक योग्य तेच सांगत होते. म्हणजे ठाऊक असतं, पण खरं माणूस समोर आलं की आपलीच घालमेल होते आणि ती लवकर संपवण्यासाठी 'निदान' तोंडातून निघतं. लिहिलेलं पाठवण्याआधी एवढंच बघा, हे वाक्य तिच्यासाठी आहे की माझ्या घालमेलीसाठी.

वीस दिवस झाले याची लाज वाटून घेऊ नका. ताईंचे बहुतेक मेसेज तेराव्यापर्यंतचे होते, त्यानंतर फोन गार. चौथ्या महिन्यात आम्ही कागद पुन्हा काढला तेव्हा पहिल्या कप्प्यात दोन नवीन आले होते, दोन्ही दीड-दोन महिन्यांनी आलेले. त्यातल्या एकात फक्त एवढंच होतं, "आज बुधवार. तुमच्या डब्यातली त्याच्या आवडीची भरली वांगी आठवली. उत्तर देऊ नकोस."

तुमच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला तुम्ही कधी भेटला असाल, तर ते आठवा आणि तेवढंच लिहा. भेटलाच नसाल तर ती त्याच्याबद्दल ऑफिसात काय सांगायची ते लिहा. 'उशीर झाला, काय लिहावं सुचत नव्हतं' असं लिहिलंत तरी चालेल, कारण ते खरं आहे. तिच्या ऑफिसच्या कामातलं काही तुम्ही उचलू शकत असाल तर कोणतं आणि कोणत्या दिवशी ते सांगा. मात्र एक सांगते, मेसेजने दुःख हलत नाही. महिनोन्महिने तिला दिवस ढकलणंच जमेना, तर ते बोलायला माझ्यासारखं कोणीतरी लागेल.

ताईंनी ११२ पैकी शंभरेक जणांना एकच दोन ओळींचं उत्तर पाठवलं, तेही मीच सुचवलं होतं. चुलतभावाला काही नाही. टेकडीवरच्या सोबत्याला उत्तर लिहायला मात्र त्यांना आठवडा लागला. मला दाखवलं तेव्हा त्यात एवढंच होतं: "त्याच्या बॅगेतली स्टीलची बाटली घरी आहे. रविवारी घेऊन येते. मलाही वर यायचंय, पण सावकाश चालेन."