चमचा पडल्यावर तो कुठे बघतो?

*प्रिय मावशी,*

*माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. उंच खुर्चीत जेवायला बसवलं की चार घास नीट खातो आणि मग सुरू होतं. चमचा खाली. मी उचलून दिला की पुन्हा खाली. पडलेला चमचा वाकून बघतो, मग कधी माझ्याकडे बघून हसतो. शेवटी शेवटी तर मुठी भरभरून अन्न फेकतो. मी ओरडते, नवरा हसतो, सासूबाई म्हणतात लाडावलाय, एक धपाटा दे म्हणजे कळेल. फरशी पुसून पुसून मी रडकुंडीला आले आहे. तो हे मला त्रास द्यायला मुद्दाम करतो का? आणि हे थांबणार कधी?*

*— रडकुंडीला आलेली आई*

अगं, मुद्दाम करतो हे खरं, पण त्रास द्यायला नाही. समोरच्याला छळायचं तर त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज लागतो आणि तेवढा हिशोब चौदा महिन्यांच्या डोक्याला अजून मांडता येत नाही. तुझ्या लेकाला तुझी कंबर दुखते हेच मुळात माहीत नाही.

उत्तराचा अर्धा भाग तूच पत्रात लिहून ठेवला आहेस. तो वाकून बघतो, तो तुझ्याकडे बघून हसतो आणि जेवणाच्या शेवटी मुठीने फेकतो. तुला हा एकच खोडसाळपणा वाटतो, मला मात्र या तीन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि तिन्हींवर करायचं तेही वेगळं आहे. ओळखायची खूण सोपी आहे. वस्तू हातातून सुटल्यावर त्याची नजर कुठे जाते ते बघ. उद्या एका जेवणात काही उचलू नकोस, काही बोलू नकोस, फक्त त्याचे डोळे बघ.

नजर फरशीकडे गेली, तर तो पडणं बघतोय. यात बघण्यासारखं काय आहे, असं तुला वाटेल. पण जन्मल्या बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की मूठ आपोआप मिटते. धरणं त्याला आयतं मिळालेलं असतं, सोडणं मात्र शिकावं लागतं. हवी तेव्हा बोटं उघडून वस्तू सोडता येणं हे साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापासून जमायला लागतं. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट पक्की होत असते, ती म्हणजे दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच. त्याआधी खेळणं पलंगाखाली गेलं की बाळाच्या लेखी विषय संपला. आता तो कडेवरून वाकून शोधतो. सोडता येतं, सोडलेलं कुठेतरी असतं आणि नेमकं याच वयात आपण त्याला जमिनीपासून इतक्या उंचावर, समोर कडा असलेला ट्रे देऊन बसवतो. त्याने आणखी करावं तरी काय?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आपल्याच मुलांना तासन्‌तास न्याहाळत बसायचा. त्याचा मुलगा लॉराँ दहा-अकरा महिन्यांचा असताना झोपल्या झोपल्या खेळणी सोडायचा. पियाजेच्या लक्षात आलं की तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत नाहीये. कधी हात सरळ वर, कधी तिरका, कधी डोळ्यांसमोर, कधी मागे नेऊन सोडतोय. खेळणं एखाद्या नव्या जागी, म्हणजे उशीवर वगैरे पडलं, तर तिथेच आणखी दोन-तीनदा टाकून बघायचा आणि मग पुन्हा हात बदलायचा. तुझ्या लेकातही हेच शोध. चमचा दर वेळी त्याच बाजूने पडतो की एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून? मऊ घास सोडल्यावर तो चमच्याइतकीच वाट बघतो का आवाजाची? मला वाटतं, बघायला लागलीस की तुलाच त्यात थोडी गंमत वाटेल. फरशी पुसायची आहेच, पण निदान काय पुसतोय ते तरी कळेल.

२०१५ साली अमेरिकेत एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन या दोघींनी अकरा महिन्यांच्या बाळांवर एक सुरेख प्रयोग केला. काही बाळांना खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, तर काहींना ती कडेवरून पुढे जाऊन हवेतच तरंगत राहिल्यासारखी दाखवली. मग तीच गाडी त्यांच्या हातात दिली. भिंतीतून गेलेली गाडी ज्यांनी पाहिली होती, ती बाळं गाडी आपटून बघायला लागली. तरंगणारी गाडी ज्यांनी पाहिली होती, ती बाळं गाडी खाली टाकून बघायला लागली. आपटणं कशासाठी आणि टाकणं कशासाठी, हे त्या चिमण्या हातांना बरोबर कळत होतं. म्हणजे वस्तू टाकणं हा बाळाच्या हातातला प्रश्न विचारण्याचा एक मार्ग आहे.

या पहिल्या प्रकाराला अडवू नकोस, त्याची जागा बदल. जेवणाच्या वेळेबाहेर रोज थोडा वेळ त्याला त्याच खुर्चीत बसव आणि एकेक वस्तू हातात दे. लाकडी ठोकळा, मऊ चेंडू, पातळ कापडाचा तुकडा, चुरगाळलेला कागद, धातूची वाटी. कापड तरंगत खाली जातं तेव्हा त्याचा चेहरा बघ. वस्तू इतक्या मोठ्या हव्यात की तोंडात जाऊन घशात अडकणार नाहीत. काही जण उचलायचा त्रास नको म्हणून खेळणी दोरीने खुर्चीला बांधतात, ते मात्र अजिबात करू नकोस. लांब दोरी गळ्याभोवती अडकू शकते.

आता दुसरी नजर. वस्तू सोडली आणि डोळे थेट तुझ्या चेहऱ्यावर. इथे पडण्याशी फारसा संबंध उरलेला नाही. 'मी असं केलं की आई काय करते?' एवढंच त्याला बघायचं असतं. आणि तुमच्या घरी उत्तर काय मिळतं, तर आई ओरडते, बाबा हसतात, आजी डोळे वटारते आणि चमचा कधी परत येतो, कधी येत नाही. दर वेळी वेगळा निकाल लागणाऱ्या खेळाइतका चिवट खेळ दुसरा नाही. तुझं ओरडणं त्यात भर घालतं, कारण ओरडताना तू त्याच्याकडे पूर्ण लक्ष देऊन बघतेस. नवऱ्याचं हसणं तर त्याला बक्षीसच आहे, हे नवऱ्याला शांतपणे सांग, जेवणाच्या टेबलावर नको.

इथे उपाय आहे कंटाळवाणं होणं. पहिल्यांदा पडला की चमचा उचलून दे आणि साध्या आवाजात म्हण, 'चमचा पडला.' दुसऱ्यांदा टाकला की, 'चमचा आता इथे ठेवते,' म्हणून बाजूला ठेव आणि हाताने भरव किंवा त्याला हाताने खाऊ दे. चेहऱ्यावर राग नको, हसू नको, भाषण तर मुळीच नको. घरातल्या तिघांनी हेच आणि असंच करायचं. पहिले काही दिवस फेकणं कमी व्हायच्या ऐवजी वाढेल, कारण नेहमीचं उत्तर का येत नाही म्हणून तो जोर लावून विचारेल. बहुतेक घरं नेमकी इथेच हार मानतात आणि चौथ्या दिवशी कोणीतरी ओरडतं. मग तो शिकतो की आणखी जोरात टाकायचं.

'टाकू नकोस' याचाही या वयात फारसा उपयोग होत नाही. सुरू झालेला हात आवरायची ताकद अजून यायची आहे, आणि 'नको' ऐकून करायचं काय ते त्याला सुचत नाही. त्याऐवजी करायची गोष्ट सांग. ट्रेच्या कोपऱ्यात एक रिकामी वाटी ठेव आणि नको असलेला घास त्यात टाकायला शिकव. वस्तू भांड्यात टाकणं त्याला आवडतंच, म्हणून हे लवकर जमतं. त्याने टाकला की लगेच, 'वाटीत टाकलास!' म्हण. कौतुकाचा आवाज तेवढ्यासाठी राखून ठेव. सासूबाईंना सांग, धपाट्याने त्याला एवढंच कळेल की चमचा पडला की आजीचा हात येतो. फेकायच्या ऐवजी काय करायचं, हे कळणार नाही.

तिसरी नजर म्हणजे ना फरशीकडे, ना तुझ्याकडे. मान फिरवलेली, तोंड मिटलेलं, अंग मागे रेललेलं आणि हात ट्रे साफ करतोय. हे शेवटी शेवटी होतं असं तू लिहितेस, तेव्हा त्याचं पोट भरलेलं आहे, दुसरं काही नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते आणि आया मात्र मागच्याच अंदाजाने ताटात वाढत राहतात. ट्रेवर एका वेळी दोन-तीनच तुकडे ठेव, संपले की पुढचे. पहिली मूठ उचलली की, 'झालं? पोट भरलं?' म्हणून दोन्ही हात हलवून दाखव, ट्रे काढ आणि त्याला उतरव. काही दिवसांत तोच हात हलवून 'झालं' सांगायला लागेल आणि मग फेकण्याची त्याला गरजच उरणार नाही. वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे जेवण ओढूच नकोस. 'आणखी एक घास' म्हणून जे भरवशील ते निम्मं फरशीवरच जाणार आहे.

एक बारीक गोष्ट खुर्चीचीही बघ. पाय लोंबकळत असतील तर मूल घसरतं, वळवळतं आणि लवकर वैतागतं. पायाला टेकण असेल तर ते त्याच्या उंचीला जुळवून घे.

थांबणार कधी, तर पडणं बघण्याची हौस दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास आपोआप ओसरते. तोवर 'सोडलेलं सरळ खाली जातं' हा नियम त्याच्या डोक्यात इतका घट्ट बसलेला असेल की उलट त्याचीच फसगत होईल. ब्रूस हूड या मानसशास्त्रज्ञाने १९९५ साली दाखवलं की लहान मुलांसमोर वाकड्या नळीत चेंडू टाकला, तर नळी कुठे जाते ते न बघता मुलं चेंडू सरळ खालीच शोधतात. चेहऱ्याकडे बघून टाकण्याचा खेळ मात्र वयाने थांबत नाही, तो तुम्ही तिघं कसे वागता त्यावर आहे.

काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना दाखव. वजन वाढत नसेल, एखाद्या विशिष्ट पोताचं अन्न चाखण्याआधीच दर वेळी फेकत असेल, खाताना सारखा ठसका लागत असेल किंवा उमासे येत असतील, किंवा वस्तू पडल्यावर तो कधीच तुझ्याकडे बघत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल आणि हवं ते बोटाने दाखवत नसेल तर. तुझा मुलगा बघून हसतो, त्यामुळे यातल्या शेवटच्याबद्दल मला काळजी वाटत नाही. वजनाची नोंद तेवढी एकदा तपासून घे आणि खुर्चीखाली धुता येईल असं एक मोठं प्लॅस्टिक अंथर.

— तुझी मावशी