दिवसा बॅकलाइट वाढवा, ब्राइटनेस नाही

नवीन टीव्हीवर बहुतेकांची पहिली चूक हीच होते: दिवसा चित्र फिकं वाटलं की ब्राइटनेस वाढवायचा. नाव फसवं आहे. ब्राइटनेस काळा रंग किती काळा दिसेल ते ठरवतो, कॉन्ट्रास्ट पांढऱ्याची तीव्रता ठरवतो आणि पडद्यामागचा उजेड कमीजास्त करतो तो बॅकलाइट. म्हणून ब्राइटनेस वाढवला की काळं राखाडी होतं, चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटतं.

आधी आपोआप उजेड बदलणारा सेन्सर बंद करा. मग रात्री, खोलीत अंधार करून:

- वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा. काळ्या कोटाच्या घड्या जेमतेम दिसतील, पण पट्ट्या राखाडी होणार नाहीत, तिथे ब्राइटनेस थांबवा.
- ढग किंवा पांढरा शर्ट पाहा. त्यातले बारकावे पुसले जात असतील तर कॉन्ट्रास्ट कमी करा.

हे दोन्ही आता विसरा. यापुढे फक्त बॅकलाइट हलवायचा. शंभरपैकी रात्री २५ च्या आसपास सुरुवात करा. डोळे दुखले तर आणखी खाली. उजेडाच्या दिवाणखान्यात ८० ते १००. दोन वेगवेगळ्या पिक्चर मोडमध्ये साठवून ठेवा, म्हणजे रोजची खटपट नको.

मेन्यूत बॅकलाइट सापडत नाही? काही टीव्हींवर त्यालाच ब्राइटनेस म्हणतात (वैताग!) आणि काळ्याची पातळी Black Level नावाने वेगळी असते. खिडकीचं थेट प्रतिबिंब मात्र कुठल्याच सेटिंगने जात नाही, त्याला पडदाच ओढावा लागतो.