जुना दिवा किती जुना? आधी वायरचं टोक बघा

प्रश्न: आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक कंदील आणि एक पितळी टेबललॅम्प सापडला. लॅम्पला कापडी वायर आहे. दोन्ही किती जुने आहेत हे कसं ओळखायचं? घासून चकचकीत करू का?

घासू नका. बाकी सगळं नंतर. ब्रासो नको, चिंच नको, लिंबू नको, आणि ती वायर तर मुळीच कापून टाकू नका. मी नाशकात चौतीस वर्षं वायरिंगची कामं केली, त्यातली निम्मी जुन्या वाड्यांत. आमच्या स्वतःच्या घरातला दिवा याच घासण्यापायी मुका झाला आणि तो राग अजून माझ्या मनात आहे.

दिवा आजीच्या खोलीत कोनाड्यात असायचा. पितळी खांब, त्यावर दुधी काचेची तेलाची टाकी, टाकीवर बर्नर, आणि बर्नरवर कुणीतरी नंतर बसवलेला विजेचा होल्डर. आजी सांगायची, हा माझ्या माहेरचा, सिन्नरहून लग्नात आला. लग्न १९१९ चं. घरातले पुरुष म्हणायचे, छे, हा पणजोबांच्या लग्नातला, म्हणजे १८८८ चा. आजीचं कुणी ऐकलं नाही. ती गेली, पुढे वाडा पाडायची वेळ आली, सामानाच्या वाटण्या झाल्या आणि दिवा माझ्या मोठ्या चुलतभावाकडे, दादाकडे गेला. त्याआधी एक रविवारभर तो माझ्या टेबलावर होता. मी तो उघडला आणि जे दिसलं ते वहीत लिहून ठेवलं.

बर्नरला वातीसाठी शेजारी शेजारी दोन चपट्या फटी होत्या आणि वाती वरखाली करायला दोन स्वतंत्र चाव्या. याला डुप्लेक्स बर्नर म्हणतात. बर्मिंगहॅमच्या हिंक्सने याचं पेटंट १८६५ साली घेतलं. दोन ज्योती जवळजवळ असल्या की एकमेकींना तापवतात, त्यामुळे उजेड पांढरा पडतो आणि काजळी कमी धरते. म्हणजे असा बर्नर १८६५ च्या आधीचा असूच शकत नाही. पण लोक इथेच घसरतात. पेटंटचं साल म्हणजे वस्तूचं साल नव्हे. पेटंट फक्त एवढंच सांगतं की याच्या आधी नाही. डुप्लेक्स बर्नर त्यानंतर कित्येक दशकं बनत राहिले.

मग मी काच बसवायच्या कड्याची खालची बाजू भिंगाखाली धरली. तिथे इंग्रजी आर आणि डी ही दोन अक्षरं आणि पुढे सहा आकडी नंबर होता, चार लाख अकरा हजारांतला. विलायतेत १८८४ पासून वस्तूंच्या घाटाची नोंदणी एकपासून सलग आकड्यांनी सुरू झाली. हा आकडा १९०० च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या आसपास होता, १९०३ च्या सुरुवातीला चार लाखांच्या थोडा पुढे, आणि १९०४ उजाडताना सव्वाचार लाखांच्या जवळ. म्हणजे आमच्या बर्नरची नोंद १९०३ ची. १८८८ च्या लग्नात १९०३ चा बर्नर कसा येईल?

दादाचं म्हणणं, बर्नर नंतर बदलला असेल. हा प्रश्न रास्त होता, आणि तुम्हीही तो स्वतःला विचारायला हवा, कारण एका मापाच्या कड्यावर त्याच मापाचा दुसरा बर्नर सहज बसतो. म्हणून मी बर्नर काढून खालचं पितळ पाहिलं. टाकीच्या तोंडाला पितळी कडं प्लॅस्टरने चिकटवलेलं असतं. ते प्लॅस्टर अख्खं होतं, जुनं, तेल पिऊन पिवळं पडलेलं, कुठे उकरून पुन्हा भरल्याची खूण नाही. आणि कड्यावर बर्नरच्या बुडाची गोल सावली होती. बर्नर जिथे टेकतो तिथलं पितळ उजळ, बाहेरचं तपकिरी, आणि मधली रेघ केसासारखी बारीक. आधी वेगळ्या बुडाचा बर्नर बसत असता तर सहसा दुसरी, अर्धवट पुसलेली रेघ दिसते. इथे एकच होती. माझ्या मते टाकी आणि बर्नर पहिल्यापासून एकत्र नांदलेले. म्हणजे दिवा १९०३ किंवा त्यानंतरचा, आणि आजीचं १९१९ त्यात चपखल बसतं.

आता विजेचा भाग. होल्डर पितळी, आत पांढरी चिनी माती, बल्ब दाबून फिरवायच्या खाचांचा. वायर जाण्यासाठी बर्नरच्या बाजूला भोक पाडलेलं होतं. भोकाची आतली कड खरखरीत होती आणि रंगाने उजळ, म्हणजे कारखान्यातलं नव्हे, नंतर ड्रिलने पाडलेलं. वातीच्या फटींत टॉर्च मारला तर काजळीचा थर अजून शाबूत. दिवा आधी तेलावर भरपूर जळला आणि मग विजेवर आला, हे त्या काजळीनेच सांगितलं.

वायर दोन पदरी, पिळाची, वरून तपकिरी सुती विणकाम. टोक अर्धा इंच सोललं तर आतलं रबर नखाखाली भुगा होऊन पडलं. त्याच्या आत तांब्याच्या बारीक तारा, पण रंग चांदीसारखा. कारण त्या तारांना कल्हई असते. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात आणि ते गंधक उघडं तांबं काळं करून खातं, म्हणून तारेवर कथलाचा मुलामा द्यावा लागायचा. पुढे प्लॅस्टिकचं वेष्टण आलं आणि साध्या घरगुती वायरीला त्या मुलाम्याची गरज उरली नाही. म्हणून कापड, रबर आणि पांढरी तार असं तिन्ही एकत्र दिसलं तर वायर जुनी. कापडाखाली प्लॅस्टिक आणि लालभडक तांबं दिसलं तर ती आजकाल सजावटीसाठी मिळणारी नवी कापडी वायर, मग विकणारा काहीही सांगो. आमचे वडील शाळेत होते तेव्हा वाड्यात दिवे आले, म्हणजे १९३८ च्या आसपास. तेव्हाच कुणीतरी हा दिवा विजेवर घेतला असणार.

हे सगळं मी दादाला समजावलं. तो ऐकत होता असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात बाहेरगावचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. त्याने आधी सांगितलं, वायर आहे म्हणजे हा स्वातंत्र्यानंतरचा, याला भाव नाही. पडेल भावात दिवा घेतला, वायर कापली, होल्डर उपटला, सगळं पॉलिश करून घेतलं आणि दुकानात चिठ्ठी लावली, सन १८६५. बर्नरच्या चावीवर पेटंट असं लिहिलंय, तेवढ्यावरून. दादाला त्यात अभिमान वाटला. म्हणाला, बघ, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. मी दुकानात जाऊन पाहिलं. कड्यावरची सावली गेलेली, काजळी खरवडून काढलेली, नोंदणीचे शेवटचे दोन आकडे बफच्या चाकाखाली पुसट झालेले. आजीच्या बाजूने बोलणारा पुरावा होता, तो सोन्यासारखा चमकत होता आणि काहीच सांगत नव्हता.

तुमच्या कंदिलाबद्दल. दोन्ही बाजूंच्या नळ्या वर कुठे जातात ते बघा. त्या काचेच्या थेट वरच्या टोपात शिरत असतील तर ज्योतीची गरम हवाच पुन्हा खाली येते. ही जुनी पद्धत, अमेरिकेत आयर्विन नावाच्या माणसाने १८६० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली. नळ्या वेगळ्या हवेच्या डब्यात संपत असतील आणि धुराडं त्या डब्यामधून आरपार जात असेल तर ज्योतीला ताजी हवा मिळते आणि उजेड जास्त पडतो. ही १८७० च्या दशकातली सुधारणा. पण दोन्ही प्रकार विसाव्या शतकातही बनत होते, तेव्हा यावरूनही फक्त आधीची हद्द कळते. खरं वय शिक्क्यात असतं. जर्मन कंदिलावर पश्चिम जर्मनी असं असेल तर तो १९४९ नंतरचा. डिट्झ या अमेरिकी कंपनीचा असून हाँगकाँगचा शिक्का असेल तर १९५६ च्या आधीचा नाही. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील निघाला तर तो आपल्या कऱ्हाडजवळचा, आणि मग तर मुळीच विकू नका. आमच्या नाशकात गोदाकाठी बुधवारच्या बाजारात कुणी पेशवेकालीन कंदील म्हणून गळ्यात मारायला लागला तर सरळ पुढे चला. पेशवाई १८१८ ला संपली आणि रॉकेल बाजारात आलं १८५० च्या दशकात.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नोंदणीचं साल हे घाटाच्या नोंदणीचं, वस्तू त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीही बनलेली असू शकते. रबराची वायर आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं वापरात होती, लाकडी पट्ट्यांतली मी स्वतः कितीतरी उतरवली, त्यामुळे एकट्या वायरवरून दुसऱ्या महायुद्धाआधीचा असं छातीठोक सांगू नका. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर एकतर दिवाच तेवढा जुना नाही किंवा तो भाग नंतर उघडलेला किंवा बदललेला आहे, कारण ती खाचच १९३० च्या दशकातली.

आणि तो लॅम्प प्लगमध्ये घालू नका. रबराचा भुगा झालेला असतो, तार पितळेला टेकते, अर्थिंग नसतं, आणि सगळा खांब हाताला झटका देतो. लावायचाच असेल तर जुनी वायर न कापता होल्डरच्या स्क्रूपाशी सोडवा, गुंडाळून चिठ्ठीसह डब्यात ठेवा, आणि नवी तीन तारांची घालून खांबाला अर्थ द्या. पितळावर फक्त कोरडं मऊ फडकं फिरवा. त्याआधी बर्नरचं बूड, कडं, भोक आणि वायरचं टोक यांचे जवळून फोटो काढा आणि इथे टाका, मी बघतो.

आमच्या दिव्याच्या वायरचा सोललेला अर्धा इंच माझ्या वहीत चिकटवलेला आहे, शेजारी नंबर पूर्ण सहा आकड्यांत लिहिलेला. खाली मी त्याच दिवशी लिहिलं होतं, आजीचा, सिन्नरहून. दादाने वही मागितली तर मी आजही दाखवेन.