गोळी तीच, मग अंगावर कशी आली?

“मॅडम, गोयी रोजची तेच हाय, एकही जास्त नाई खाल्ली. मंग लिथियम अंगावर कावून आलं?”

मे महिना लागला की आमच्या तालुक्याच्या केंद्रात हे ऐकू येतंच. यंदा विचारणारी होती एका कास्तकाराची बायको. नवरा चार वर्षं लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या गोळीवर, रोज ९०० मिलिग्रॅम. फेब्रुवारीत रक्तातली पातळी ०.७, म्हणजे अगदी हवी तेवढी. आता मात्र उलट्या होत होत्या, जीभ जड झाली होती आणि कपातला चहा बशीत सांडत होता. बारीक थरथर लिथियमवर अनेकांना असते. ही तशी नव्हती. झोकांड्या पाहून शेजारी म्हणाले, पिऊन आला. घरच्यांनी ऊन लागलं समजून तळपायाला कांदा चोळला.

मी समुपदेशनाला बसवलं नाही, थेट जिल्हा रुग्णालयात पाठवलं. पातळी निघाली १.८. गोळी थांबली, सलाइन लागलं.

तो सावरल्यावर दोघं आली. मी नेहमीचंच विचारलं, गोळ्या नीट घेत होतात ना? हो. मग माझं मलाच जाणवलं, की इतकी वर्षं मी फक्त आमच्याच गोळीची चौकशी करत आले.

“दुसरं काय घेतलं?”

“काईच नाई जी.” मग बायको थांबली. “कंबर धरली होती ना, पऱ्हाटी उपटून. मेडिकलातून आणली होती दुखण्याची. पाच दिवस. पण ते काई औषध थोडीच हाय!”

पाकिटावर डायक्लोफेनॅक होतं. त्यात दोन दिवस हगवण.

मी म्हटलं, “ताई, गोळी वाढली नाही, तिचं बाहेर जाणं थांबलं.” लिथियम लघवीवाटे जातं, आणि मूत्रपिंडाला ते मिठासारखंच वाटतं. घाम, हगवण, उलटीने पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याबरोबर लिथियमही अडकतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात, म्हणजे उरलेली वाटही अरुंद होते.

माझा भर कायम घरच्यांवर. पातळीचा आकडा येईपर्यंत चाल आणि बोलणं त्यांनाच आधी दिसतं. म्हणून तिलाच सांगितलं: हगवण, उलटी, ताप आला की पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. हात जोरात थरथरले, तोल गेला, बोबडं बोलू लागला, तर गोळी न देता थेट दवाखाना. एरवी मनाने बंद करायची नाही, जेवणातलं मीठही एकदम तोडायचं नाही. दुखण्यावर साधं पॅरासिटामॉल चालतं. पण बऱ्याच पाकिटांत त्याच्यासोबत दुसरं दुखण्याचं औषध मिसळलेलं असतं, नाव पूर्ण वाचायचं. पातळीची तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी.

“मले इंग्रजी कुठं वाचता येते?” ती म्हणाली. मग स्वतःच लिथियमचं रिकामं पाकीट पदराच्या गाठीत बांधलं. “हेच दाखवीन मेडिकलवाल्या भाऊले. म्हणीन, याच्यासंग चालते ते दे.”

आता नव्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, दुसरं काय घेतलं?